एलएफपी बॅटरी १०० टक्के चार्ज करायची आणि निकेलवाली ८०वर थांबवायची, असं का?

प्रश्न: आधीच्या इलेक्ट्रिक गाडीत एनएमसी, म्हणजे निकेलवाली बॅटरी होती. चार वर्षांत ती ८० टक्क्यांच्या वर क्वचितच नेली. नवी गाडी एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीची आहे. तिलाही सवयीने ३० ते ७५ टक्क्यांमध्येच ठेवली. महिनाभराने एका रात्री २२ टक्के असताना गाडी लावली आणि सकाळी बघतो तर ९ टक्के! सर्व्हिसवाले म्हणतात, आठवड्यातून एकदा १०० टक्के करत जा. फुल चार्जने बॅटरी खराब होते हेच इतकी वर्षं ऐकलं, मग आता उलटं कसं? आणि माझे १३ टक्के गेले कुठे?

उत्तर:

ते रात्रीत गेले नाहीत, रात्री ते नव्हतेच. गाडी लावताना पडद्यावर २२ होतं, पण बॅटरीत नऊच्याच आसपास शिल्लक होतं. सकाळी गाडीने स्वतःची चूक दुरुस्त केली, इतकंच. बॅटरी बिघडली असण्यापेक्षा हिशोब चुकला असण्याची शक्यता कितीतरी जास्त आहे. तो हिशोब का चुकला हे कळलं की ८० आणि १००चं कोडंही सुटतं, कारण दोन्हीचं मूळ एकाच ठिकाणी आहे.

पेट्रोलच्या टाकीत तरंगणारा फ्लोट असतो, तो पातळी सांगतो. बॅटरीत तसं काही नसतं. किती चार्ज उरलाय हे बीएमएसला, म्हणजे बॅटरी सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक्सला, दोनच वाटांनी कळतं. पहिली वाट जमाखर्चाची: करंट सेन्सरमधून किती अँपिअर आत गेले आणि किती बाहेर आले याची वही ठेवायची. दुसरी वाट व्होल्टेजची: गाडी काही तास शांत उभी राहिली की सेलचं स्थिर व्होल्टेज मोजायचं आणि त्यावरून टक्के ताडायचे. वहीत रोज थोडी चूक साठत जाते. व्होल्टेज ती चूक पुसतं. निकेल बॅटरीत ही पुसापुशी जवळजवळ रोज होते. एलएफपीत ती होत नाही.

का होत नाही, हे समजायला सेलच्या आत डोकवावं लागेल. ऋण बाजूला दोन्ही प्रकारांत बहुधा ग्रॅफाइटच असतं. फरक धन बाजूला, म्हणजे कॅथोडमध्ये. एनएमसीत निकेल, मँगनीज आणि कोबाल्टच्या ऑक्साइडचे थर असतात आणि लिथियम त्या थरांमध्ये बसतं. चार्ज करताना लिथियम सगळीकडून थोडं थोडं निघतं, आणि जसजसं ते कमी होतं तसतसं पुढचं लिथियम काढायला जास्त जोर लागतो. म्हणून व्होल्टेज चढत राहतं. रिकाम्या सेलचं सुमारे ३ व्होल्ट, भरलेल्याचं ४.२, आणि मधला सगळा चढ. साधारण एका टक्क्यामागे ५ ते १० मिलिव्होल्टचा फरक पडतो. बीएमएसने पाच मिलिव्होल्ट चुकीचं मोजलं तरी अंदाज एखाद्या टक्क्यानेच हुकतो.

लिथियम आयर्न फॉस्फेटचं तसं नाही. त्यात लिथियम निघतं तेव्हा पदार्थाचे दोन भाग पडतात: एक लिथियमने भरलेला आणि एक जवळपास रिकामा. चार्ज होताना भरलेला भाग घटतो आणि रिकामा वाढतो, पण दोन्ही शेजारी शेजारी नांदत असतात. पातेल्यात बर्फ आणि पाणी एकत्र असलं की तापमान शून्य अंशावर अडकून राहतं, बर्फ मूठभर असो की पातेलंभर. थर्मामीटर बघून बर्फ किती उरलाय हे सांगता येत नाही. एलएफपीचं व्होल्टेज नेमकं असंच अडकतं. जॉन गुडइनफ यांच्या टेक्सास विद्यापीठातल्या गटाने १९९७ मध्ये हा पदार्थ कॅथोड म्हणून मांडला, तेव्हापासून हे सपाट पठार त्याची ओळख आहे. मोटरला वीज पुरवायला ते उत्तम, कारण दाब एकसारखा मिळतो. मोजणाऱ्याची मात्र त्यावर पंचाईत होते.

आकड्यांत सांगायचं तर ४० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान शांत उभ्या असलेल्या एलएफपी सेलचं व्होल्टेज ३.३च्या आसपास असतं आणि वीस टक्क्यांच्या त्या पट्ट्यात ते जेमतेम ५ ते १० मिलिव्होल्ट हलतं. त्यात आणखी एक खोड आहे. चार्ज करून ५० टक्क्यांवर आणलेला सेल आणि वापरून ५० टक्क्यांवर आणलेला सेल, दोघांचं स्थिर व्होल्टेज सारखं नसतं. हा फरकही साधारण दहा मिलिव्होल्टच्या घरात जातो. म्हणजे ज्या खुणेवरून वीस टक्के ओळखायचे, तिच्याएवढाच गोंधळ आधीपासून हजर. अशा वेळी शहाणा बीएमएस व्होल्टेजकडे दुर्लक्ष करतो आणि वहीवर विसंबून राहतो.

आता तुमच्या १३ टक्क्यांचा हिशोब मांडू. समजा पॅकमध्ये १०० सेल एकामागे एक जोडलेत आणि प्रत्येकाची क्षमता १८० अँपिअर-तास आहे. सेलमागे ३.२ व्होल्ट धरले तर पॅक ३२० व्होल्टचा आणि ५७.६ किलोवॉट-तासांचा झाला. मधल्या आकाराच्या गाडीला साजेसा आकडा. करंट सेन्सरला पाचशे अँपिअरपर्यंत मोजायचं असतं. त्याच्या शून्यात फक्त ०.१ अँपिअरची चूक धरा. पाचशेच्या मानाने ती ०.०२ टक्के, म्हणजे सेन्सर चांगलाच म्हणायचा. पण दोन तास चालवणं आणि सहा तास घरचं संथ चार्जिंग मिळून सेन्सर रोज आठ तास जागा असेल, तर वहीत दिवसाला ०.८ अँपिअर-तास खोटे जमा होतात. तीस दिवसांत २४ अँपिअर-तास. १८० पैकी २४ म्हणजे तेरा टक्क्यांहून किंचित जास्त.

तुमच्या गाडीत नेमका एवढाच दोष आहे असं मी म्हणत नाही. गाडी झोपलेली असताना होणारा बारीकसारीक खर्च वहीत न लिहिला जाणं, हाही त्यात मिसळलेला असू शकतो. पण इतक्या छोट्या चुकीतून इतकी मोठी उडी तयार होते, हे लक्षात यावं म्हणून आकडे मांडले. चूक उलट्या दिशेची असती तर गाडीने असलेल्यापेक्षा कमी दाखवलं असतं आणि एखाद्या दिवशी टक्के अचानक वर उडाले असते. तेव्हा कोणी तक्रार घेऊन येत नाही!

मग उडी नेमकी त्याच सकाळी का पडली? पठाराच्या खालच्या टोकाला व्होल्टेज पुन्हा बोलकं होतं. २२ टक्क्यांवर शांत सेल साधारण ३.२५ व्होल्ट दाखवतो, ९ टक्क्यांवर ३.२०च्या आतबाहेर. हा पन्नास मिलिव्होल्टचा फरक बीएमएसला सहज दिसतो, फक्त सेल काही तास शांत हवा. तुम्ही महिनाभर ३०च्या खाली उतरलाच नाहीत. त्या रात्री पहिल्यांदा उतरलात, आणि गाडी रात्रभर उभी राहिली. सकाळी वही म्हणत होती २२, व्होल्टेज म्हणत होतं ९. बीएमएसने व्होल्टेजचं ऐकलं, आणि बरोबर केलं. ही दुरुस्ती घरी झाली हे तुमचं नशीब. रस्त्यात होते तेव्हा माणूस १५ टक्के बघून निवांत असतो आणि गाडी बंद पडते.

वरच्या टोकालाही तशीच खूण आहे, आणि ती जास्त स्पष्ट. चार्ज संपत आला की एलएफपी सेलचं व्होल्टेज ३.४ वरून ३.६५कडे झपाट्याने चढतं. पातेल्यातला बर्फ संपला की तापमान चढू लागतं, तसं. तिथे बीएमएसला शंका उरत नाही. तो वही मिटवतो आणि नव्या पानावर १०० लिहितो. आठवड्यातून एकदा फुल चार्ज करा म्हणतात ते याचसाठी. सर्व्हिस सेंटरवर बऱ्याचदा ‘एलएफपीला फुल चार्ज मानवतो’ असं सांगतात. ते अर्धसत्य आहे. फुल चार्ज मोजमापाला मानवतो. सेलला तो फार बाधत नाही, एवढंच.

निकेलच्या बाबतीत १००ची भीती खरी आहे, त्यामुळे तुमची जुनी सवय चुकीची नव्हती. ४.२ व्होल्टच्या जवळ कॅथोडचा पृष्ठभाग इतका आक्रमक होतो की लगतच्या इलेक्ट्रोलाइटचं, म्हणजे सेलमधल्या द्रवाचं, ऑक्सिडेशन सुरू होतं. शिवाय जास्त निकेलच्या पदार्थात शेवटचं लिथियम निघताना थर एकदम मिटतात, कण आकसतो आणि त्याला बारीक चिरा पडतात. चिरांमधून इलेक्ट्रोलाइट आत शिरतं, नवा पृष्ठभाग उघडा पडतो आणि तेच चक्र पुढे चालू राहतं. ८०वर थांबलं की सेल ४ व्होल्टच्या आसपास राहतो आणि हा सगळा प्रकार बराच टळतो. प्रवासाला निघण्याआधी १०० करून लगेच निघालात तर नुकसान नगण्य. ९५-१०० टक्क्यांवर उन्हात आठवडाभर उभी करून ठेवणं मात्र निकेल बॅटरीला सगळ्यात जास्त नडतं.

एलएफपीचा कॅथोड ३.६५ व्होल्टला या त्रासापासून बराच लांब असतो. त्यातला ऑक्सिजन फॉस्फरसला घट्ट बांधलेला असतो आणि सांगाडा टिकून राहतो. पण समोर ग्रॅफाइट आहेच की! भरलेल्या बॅटरीत ते लिथियमने गच्च असतं आणि अशा अवस्थेत इलेक्ट्रोलाइटशी त्याची अभिक्रिया वेगाने होते. त्यात थोडं थोडं लिथियम कायमचं अडकतं. उष्णतेत हा वेग वाढतो. कॅनडातल्या डलहौसी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२४ मध्ये एलएफपी सेलवर केलेल्या चाचण्यांतही हेच दिसलं: सेल सतत वरच्या टोकाजवळ फिरवले की आयुष्य घटतं. म्हणून ‘एलएफपी आहे, रोज १०० करा, फरक पडत नाही’ हा सल्ला मला पटत नाही. आठवड्यातून एकदा भरा, शक्यतो निघण्याच्या आदल्या रात्री, आणि बाकी दिवस ४० ते ७५मध्ये खुशाल राहा. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत वेगळं लिहिलं असेल तर पुस्तिकेचं ऐका, कारण मोजणीची पद्धत गाडीगणिक बदलते.

फुल चार्जचं दुसरं काम म्हणजे सेल समान पातळीवर आणणं. इथे मी स्वतः एकदा फसलोय.

भाड्याने फिरणारी एक एलएफपी गाडी माझ्याकडे आली होती. पॅकची रचना वर मांडली तशीच. ती नेहमी फास्ट चार्जरवर ८०-८५पर्यंत भरून निघायची. तक्रार अशी की ८-१० टक्के उरले असताना बंद पडते. ५० टक्क्यांवर मी सेलचे आकडे पाहिले. सगळे शंभर सेल तीन मिलिव्होल्टच्या आत, अगदी शिस्तीत रांगेत उभे. मग बॅटरी खाली उतरवली. ६ टक्क्यांवर एक सेल २.८१ व्होल्टला कोसळला, बाकीचे ३.१०च्या आसपास. मी लगेच निदान केलं: हा सेल गेला, मॉड्यूल बदला.

बरोबर काम करणारा एक सहकारी म्हणाला, “वरून बघितलंस का?” मी बघितलं नव्हतं. संथ चार्जरवर पूर्ण भरायला लावली. शेवटी बाकीचे सेल ३.५८ ते ३.६५ दरम्यान पोचले आणि चार्जिंग थांबलं. आमचे महाशय ३.३७वरच होते.

त्या एका आकड्याने निदान फिरलं. सेलची क्षमता खरोखर घटली असती तर तो लहान भांड्यासारखा वागला असता: लवकर रिकामा झाला असता आणि लवकर भरलाही असता. म्हणजे खाली सगळ्यात आधी कोसळला असता आणि वर सगळ्यात आधी ३.६५ला पोचला असता. हा तर खालीही मागे आणि वरही मागे. म्हणजे भांडं इतरांएवढंच आहे, फक्त त्यात माल कमी आहे. त्या एकट्या सेलला वेगळ्या पुरवठ्यावरून चार्ज केलं तेव्हा इतरांच्या बरोबरीला यायला त्याने ९ अँपिअर-तास घेतले, म्हणजे क्षमतेच्या पाच टक्के. सहा महिन्यांनी पुन्हा पाहिलं तेव्हा तो रांगेतच होता. मॉड्यूल बदललं असतं तर चांगला माल भंगारात गेला असता. (हे घरी करायचं काम नाही. तीनशेच्या वर डीसी व्होल्ट असलेला पॅक उघडणं जीवावर बेतू शकतं.)

निकेल पॅकमध्ये पाच टक्के मागे पडलेला सेल ५० टक्क्यांवर उभ्या गाडीतही तीसेक मिलिव्होल्ट खाली दिसला असता आणि बीएमएसने त्याची वेळेवर दखल घेतली असती. एलएफपीत पठारावर सगळे सारखेच दिसतात. कोण मागे आहे हे वरच्या टोकालाच कळतं, आणि फास्ट चार्जरवरून ८५ला निघून जाणारी गाडी त्या टोकाला कधी पोचतच नाही. पोचली तरी काम मंदगतीने चालतं. बीएमएस पुढे गेलेल्या सेलची वीज छोट्या रेझिस्टरमधून जाळतो. तो करंट ०.१ अँपिअर धरला तर ९ अँपिअर-तास जाळायला ९० तास लागतील. म्हणून १०० दिसल्या दिसल्या प्लग काढू नका, आठवड्याच्या फुल चार्जनंतर तास-दोन तास राहू द्या. रोज थोडी झाडलोट झाली की धूळ साठतच नाही.

आता तुम्ही काय करायचं? घरच्या संथ चार्जरवर १०० करा. पहिल्या वेळी ९९वर बराच वेळ अडकल्यासारखं वाटेल किंवा नव्वदीतून थेट १०० येईल. दोन्ही ठीक. मग ट्रिप मीटर शून्य करा आणि गाडी नेहमीसारखी वापरत २० टक्क्यांपर्यंत उतरवा, मध्ये चार्ज न करता. वरच्या उदाहरणातल्या पॅकमधून ८० टक्क्यांचे सुमारे ४६ किलोवॉट-तास निघायला हवेत. ४५ निघाले तर बॅटरी ठणठणीत आहे. उभ्या गाडीत एसी चालवला असेल तर काही मीटर तो खर्च धरत नाहीत, तेवढी सूट द्या. चाळीसच निघाले, आणि दुसऱ्या वेळीही चाळीसच, तर मग क्षमता खरंच कमी आहे आणि वॉरंटीचं बोलायला हरकत नाही. मोजणी थंडीत करू नका, थंड एलएफपी सेल मुळातच कमी देतो आणि चार्जही हळू घेतो. या बाबतीत निकेल सरस आहे.

वजनातही निकेल पुढे. ६० किलोवॉट-तासांसाठी निकेलचे नुसते सेल अडीचशे किलोच्या आसपास भरतात, एलएफपीचे साडेतीनशेच्या. उलट एलएफपी जास्त तापमानापर्यंत शांत राहतं आणि पेटवायला अवघड असतं, तरी अति तापलेल्या सेलमधून बाहेर पडणारा वायू ज्वालाग्राही असतोच. पण गाडी तुम्ही घेऊन झाली आहे, त्यामुळे हे मुद्दे आता निवडीच्या उपयोगाचे नाहीत.

फुल चार्जनंतर आठ-दहा दिवसांतच पुन्हा अशी दहा-बारा टक्क्यांची उडी पडली, तर ती वहीची चूक म्हणून सोडून देऊ नका. इतक्या लवकर वही एवढी चुकत नाही. सर्व्हिस सेंटरमध्ये दोन वेळचे सेल व्होल्टेज मागा: एक फुल चार्ज संपताना, एक १० टक्क्यांच्या खाली. नुसता ५० टक्क्यांवरचा अहवाल दाखवून ‘सगळे सेल सारखे आहेत’ म्हणाले, तर त्यांना नम्रपणे सांगा की एलएफपीत ते तिथे सारखेच दिसतात.